‘किंवा जसं ते म्हणाले तसं’

जुम्म्याच्या नमाजाआधी मशिदीत बयान चालू असतं. मौलाना एखादी हदीस सांगतात, ती उर्दूत किंवा मराठीत उलगडतात आणि शेवटी एका दमात काही अरबी शब्द म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळतात. ‘औ कमा काल अलैहिस्सलातु वस्सलाम.’ दर आठवड्याला ऐकून ऐकून हे शब्द कानाला इतके सरावतात की पैगंबरांचं नाव आल्यावर म्हणायच्या दरूदचाच तो भाग असावा, असं वाटतं. त्यातल्या पहिल्या तीन शब्दांचा अर्थ मात्र वेगळा आहे. ‘औ कमा काल’ म्हणजे ‘किंवा जसं ते म्हणाले तसं’. मी आशय सांगितला, शब्द हुबेहूब तेच होते असा माझा दावा नाही, अशी ती कबुली आहे. तिच्यामागे तेराशे वर्षांहून जुना वाद आहे आणि त्या वादातून विद्वानांनी घातलेल्या अटी आहेत.

हदीस म्हणजे पैगंबर मुहम्मद यांचं बोलणं, वागणं किंवा त्यांनी दिलेली मूक संमती यांची माहिती. ती सांगणारा रावी. कोणी कोणाकडून ऐकलं ही नावांची साखळी म्हणजे सनद, आणि साखळीच्या शेवटी येणारा मजकूर म्हणजे मतन. मतन दोन प्रकारे पुढे जाऊ शकतं. ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगणं ही ‘रिवायत बिल-लफ्ज’. शब्द आपले वापरून अर्थ तोच ठेवणं ही ‘रिवायत बिल-माना’. मला इथे दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहायचं आहे. या लेखात येणाऱ्या सगळ्या हदीसही मी आशयानेच देतो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पैगंबरांचे सहकारी, म्हणजे सहाबी, यांच्यापैकी वासिला इब्न अल-अस्का हे उत्तरायुष्यात सीरियात राहत. त्यांच्याकडे मकहूल नावाचे पुढच्या पिढीतले विद्वान एका सोबत्याला घेऊन गेले आणि म्हणाले, पैगंबरांकडून तुम्ही स्वतः ऐकलेली अशी एक हदीस सांगा, जिच्यात काही सुटलेलं नाही, काही वाढलेलं नाही, विसर नाही. वासिलांनी उलट विचारलं, काल रात्री तुमच्यापैकी कोणी कुरआन पढलं का? होय, पढलं, पण आमचं पाठांतर फार पक्कं नाही, एखादा ‘व’ जास्तीचा पडतो, एखादा अलिफ गळतो, असं उत्तर आलं. त्यावर वासिलांचं म्हणणं असं : कुरआन लिहिलेलं तुमच्या हाताशी आहे, तुम्ही ते सतत पढता, आणि तरीही तुम्हाला चुकीची धास्ती वाटते. मग जे आम्ही पैगंबरांकडून कदाचित एकदाच ऐकलं, त्याचं काय? अर्थ पोचला तर तुम्हाला तेवढं पुरे.

या उत्तरातच सवलतीचं कारण आहे. पैगंबर 632 साली वारले. ते बोलत तेव्हा काही जण टिपून ठेवत. अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्यापाशी स्वतः लिहिलेली हदीसची वही होती आणि तिला ते ‘सादिका’ म्हणत. पण बहुतेकांनी ऐकलं ते बाजारात, प्रवासात, मशिदीच्या अंगणात, आणि सांगितलं वीस-तीस वर्षांनी, कोणी प्रश्न विचारला तेव्हा. शब्दन्‌शब्द आठवला तरच बोला, असा नियम केला असता तर कितीतरी गोष्टी त्या माणसांबरोबरच गेल्या असत्या.

तरी सहाबींच्या पिढीतही सगळे एका मताचे नव्हते. इब्न मसऊद हदीस सांगून झाली की घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने म्हणत, असं, किंवा याच्या जवळपास, किंवा याच्यासारखं. अनस इब्न मालिक ‘औ कमा काल’ जोडत. उलट टोकाला इब्न उमर होते. इस्लामची उभारणी पाच गोष्टींवर आहे, ही प्रसिद्ध हदीस त्यांचीच. ती त्यांनी सांगितली तेव्हा समोरच्या एकाने शेवटच्या दोन गोष्टींची अदलाबदल करून ‘हज आणि रमजानचे रोजे’ असं म्हटलं. इब्न उमरांनी तिथल्या तिथे अडवलं. नाही, रमजानचे रोजे आणि हज. मी असंच ऐकलं आहे. यादी तीच, अर्थात तसूभर फरक नाही, तरी क्रम बदललेला त्यांना चालला नाही.

ही दुरुस्ती ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात नोंदलेली आहे. आता ‘सहीह बुखारी’ उघडा. तिथे हीच हदीस इब्न उमरांच्याच नावाने येते आणि तिच्यात हज आधी आहे, रोजे नंतर! ज्या क्रमाला इब्न उमर नाही म्हणाले तोच क्रम. बुखारींपर्यंत ती हंजला नावाच्या रावीमार्फत पोचली. याच हंजलाकडून दुसऱ्या वाटेने ती मुस्लिम यांच्याकडे गेली तेव्हा मात्र रोजे आधी आहेत. म्हणजे मूळ ऐकणाऱ्याने शब्दांवर पहारा ठेवला, तरी मधल्या कुणीतरी आशय धरला आणि क्रम सोडला. बुखारींचे मोठे भाष्यकार इब्न हजर यांनी हेच सांगितलं आहे, की हज आधी असलेली रिवायत अर्थाने केलेली आहे. पहिल्या गोष्टीचंही तसंच. एकीकडे अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही अशी साक्ष देणं, दुसरीकडे अल्लाहला एक मानणं, तिसरीकडे अल्लाहची भक्ती करणं आणि इतरांना नाकारणं. तीन शब्दरचना, तिन्ही प्रमाण मानलेल्या संग्रहांत, आणि श्रद्धेच्या दृष्टीने तिन्हींचा अर्थ एक.

सहाबींनंतरच्या पिढीत या दोन स्वभावांच्या जणू दोन शाळाच झाल्या. बसऱ्याचे हसन, कूफ्याचे इब्राहीम नखई आणि शअबी हे अर्थाने सांगणारे. मदिनेचे कासिम इब्न मुहम्मद, बसऱ्याचे इब्न सीरीन आणि सीरियाचे रजा इब्न हैवा हे अक्षराला धरून बसणारे. इब्न सीरीन स्वतः शब्दांबाबत कडक, पण त्यांनीच नोंदवून ठेवलं आहे की एकच हदीस मी दहा जणांकडून ऐके, अर्थ एक असे आणि शब्द वेगवेगळे. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मग अर्थाने सांगायचं तर कोणी? इथे इमाम शाफिई यांचं नाव येतं. 820 साली वारलेल्या शाफिईंनी ‘रिसाला’ या ग्रंथात कोणाची हदीस स्वीकारावी याच्या अटी लिहिल्या. रावी धर्माने विश्वासू हवा, बोलण्यात खरा म्हणून ओळखला जाणारा हवा, आणि त्याला दोनपैकी एक जमलं पाहिजे. एक तर तो काय सांगतो आहे हे त्याला समजत असावं आणि कोणत्या शब्दाने अर्थ सरकतो हे त्याला ठाऊक असावं. किंवा मग त्याने ऐकलेली अक्षरं तशीच पुढे द्यावीत. कारण अर्थ कशाने पालटतो हे ज्याला कळत नाही, तो आशय सांगायला गेला तर नकळत हलालचं हराम करून बसेल. सच्चेपणा इथे पुरत नाही, हे शाफिईंनी फार नेमकं ओळखलं होतं. प्रामाणिक माणूसही शब्द बदलताना हुकूम बदलू शकतो. म्हणून ज्याला भाषेची ही जाण नाही त्याने आशय सांगू नये, यावर पुढे कोणाचंच दुमत राहिलं नाही. वाद उरला तो जाणकारांपुरता.

पण जाणकारही घसरतो. याचं एक उदाहरण हदीसशास्त्राच्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतं, आणि ते नीट पाहण्यासारखं आहे. बसऱ्यात इस्माईल इब्न उलय्या नावाचे रावी होते. त्यांनी आपले उस्ताद अब्दुल अजीज यांच्याकडून आणि अब्दुल अजीजनी अनस यांच्याकडून एक हदीस घेतली होती. तिचा आशय असा की पुरुषाने केशर लावू नये, अंगाला किंवा कपड्याला केशराचा रंग देऊ नये, अशी पैगंबरांनी मनाई केली. ही हदीस इस्माईलकडून शुअबा यांनी ऐकली. शुअबा म्हणजे त्या काळातलं हदीसचं सर्वांत मोठं नाव, रावींची कठोर पारख करणारे, 776 साली वारले. इस्माईल त्यांच्यापेक्षा वयाने लहान, तरी शुअबांनी त्यांच्याकडून घेतलं. पुढे सांगताना मात्र शुअबांनी वाक्य आखडलं. पैगंबरांनी केशर लावण्याची मनाई केली, एवढंच ते म्हणाले.

‘पुरुषाने’ हा एक शब्द गळला. अरबीत हे सहज होतं, कारण क्रियापदाऐवजी ‘तजअफुर’, म्हणजे ‘केशर लावणं’, असं नाम वापरलं की कर्ता सांगावाच लागत नाही. वाक्य सुटसुटीत झालं आणि मनाई मात्र सगळ्यांवर गेली. बायकांना जे मोकळं होतं ते एका वाक्यात बंद झालं. इस्माईलनी पुढे स्पष्ट सांगितलं की शुअबांनी माझ्याकडून ही हदीस घेतली आणि तिच्यात त्यांची चूक झाली. शुअबांचं अरबी कच्चं नव्हतं, स्मरणशक्ती कमी नव्हती, हेतूबद्दल तर प्रश्नच नाही. त्यांनी शब्द जपला नाही आणि बदललेला शब्द किती माणसांना कवेत घेतो, हे त्या क्षणी पाहिलं नाही. याच अब्दुल अजीजांचे दुसरे शिष्य हम्माद इब्न जैद यांनीही आखूड वाक्य सांगितलं, पण लगेच पुस्ती जोडली, म्हणजे पुरुषांसाठी. अटी पाळणारा आणि अटीत चुकणारा यांच्यातलं अंतर एवढंच असतं.

उसूलच्या पंडितांनी, म्हणजे धर्मनियम काढण्याचं शास्त्र मांडणाऱ्यांनी, म्हणून अट आणखी घट्ट केली. नवा शब्द मूळ शब्दापेक्षा अर्थाने मोठा नको आणि लहानही नको. इतकंच काय, मूळ शब्द संदिग्ध असेल तर त्या जागी स्पष्ट शब्द ठेवायचा नाही, आणि मूळ स्पष्ट असेल तर तो धूसर करायचा नाही. संदिग्ध शब्दाचा उलगडा करणं हे सांगणाऱ्याचं काम नव्हे. त्याने तो सोडवून पुढे दिला, तर त्याचं मत पैगंबरांच्या तोंडी जातं आणि पुढच्या माणसाला स्वतः विचार करायला मूळ शब्दच उरत नाही.

काही जागा अशा आहेत जिथे जाणकारालाही मोकळीक नाही. बरा इब्न आजिब या सहाबींना पैगंबरांनी झोपण्यापूर्वीची एक दुआ शिकवली. वुजू करून उजव्या कुशीवर पडायचं आणि ती म्हणायची. तिच्या शेवटी, तू पाठवलेल्या नबीवर माझा विश्वास आहे, अशा अर्थाचे शब्द आहेत. बरांनी पाठ करण्यासाठी ती परत म्हणून दाखवली आणि ‘नबी’च्या जागी त्यांच्या तोंडून ‘रसूल’ निघालं. पैगंबरांनी थांबवलं आणि पुन्हा ‘नबी’ म्हणायला लावलं. दोन्ही शब्द पैगंबरांसाठीच वापरले जातात, रोजच्या बोलण्यात एकाच्या जागी दुसरा चालून जातो. कडक मताचे विद्वान म्हणतात, बघा, इथेच निकाल लागला, शब्द बदलता येत नाही. सवलत देणारे म्हणतात, ही दुआ आहे, आणि दुआमध्ये म्हणायचे शब्द हीच उपासना असते. मला दुसरं उत्तर पटतं, कारण त्यातून एक स्वच्छ रेषा आखता येते. दुआ, अजान, नमाजमध्ये बसून म्हणायचा तशह्हुद, यांत शब्द बदलायचा नाही. पैगंबरांची अगदी थोड्या शब्दांत मोठा आशय मावणारी जी वचनं आहेत, तीही अनेकांनी या यादीत घातली, कारण तेवढ्याच शब्दांत तेवढा अर्थ दुसऱ्या कोणाला बसवता येणार नाही.

जाणकारांपुरत्या उरलेल्या वादात मतं किती टोकाची गेली ते पाहण्यासारखं आहे. मावर्दी म्हणाले, मूळ शब्द आठवत असतील तर बदलू नयेत. विसरले असतील तर मात्र अर्थ सांगावा, कारण गप्प राहिलं तर माहिती दडपल्यासारखं होईल. दुसऱ्या काहींनी नेमकं उलट सांगितलं. ज्याला मूळ शब्द आठवतात त्यालाच बदलण्याची मुभा, कारण तोच जुना आणि नवा शब्द शेजारी ठेवून तोलू शकतो. अंदलुसचे इब्न अल-अरबी यांनी ही सवलत सहाबींपुरतीच ठेवली. त्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला होता आणि भाषा त्यांची होती. नंतरच्या प्रत्येक पिढीने शब्द बदलत नेले तर भरवसा कशावर ठेवायचा, हा त्यांचा सवाल. तो डावलण्यासारखा नाही.

गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकाच हदीसचा आधार घेतात. माझं बोलणं ऐकून, लक्षात ठेवून, ऐकलं तसं पोचवणाऱ्याचा चेहरा अल्लाह टवटवीत ठेवो, असा तिचा आशय. कडक बाजू ‘ऐकलं तसं’ या शब्दांवर बोट ठेवते. समोरची बाजू तिच्या वेगवेगळ्या रिवायती पुढे मांडते. कुठे टवटवीत चेहऱ्याची दुआ आहे, तर कुठे दयेची. कुठे ‘माणूस’ आहे, तर कुठे ‘बंदा’. ऐकलं तसं पोचवा असं सांगणारी हदीससुद्धा आपल्यापर्यंत आशयानेच पोचली आहे.

ही सवलत पुढे कुठे संपली, तेही ठरलेलं आहे. दमास्कसच्या इब्न अस-सलाह यांनी, जे 1245 साली वारले, आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लिहिलं की जाणकाराने अर्थाने सांगणं ग्राह्य आहे, पण लिहिलेल्या पुस्तकातला शब्द काढून त्या जागी समानार्थी शब्द घालायचा अधिकार कोणालाही नाही. कारण सवलत होती ती शब्द नेमके लक्षात ठेवण्याच्या अडचणीपायी. कागदावर उतरलेल्या मजकुराला ती अडचण नाही. बुखारी 870 मध्ये आणि मुस्लिम 875 मध्ये वारले. त्यांचे आणि त्या काळातल्या इतरांचे संग्रह तयार झाले, तेव्हा त्या मजकुरापुरती ही मुभा मिटली. संकलनातही काळजी होती. दोन उस्तादांकडून एकच हदीस ऐकलेली असली, तर मुस्लिम दोघांची नावं देऊन ‘शब्द अमक्याचे’ असं आवर्जून लिहितात.

फरक ओळखायची रीतही यातूनच निघाली. एका हदीसच्या मिळतील तेवढ्या वाटा गोळा करायच्या, त्या ज्या एका रावीपाशी येऊन मिळतात तो शोधायचा आणि त्याच्या शिष्यांचे शब्द ओळीने मांडायचे. बहुतेक शिष्य एक शब्द सांगतात आणि एकटाच दुसरा सांगतो, तर तो बदल त्या एकट्याच्या घरचा. नमाजला धावत येऊ नका, शांतपणे या, मिळेल तेवढी इमामाबरोबर पढा, या अर्थाची हदीस घ्या. तिचं शेवटचं वाक्य, हुकलेली ‘पूर्ण करा’. जुहरी या रावीचे बहुतेक शिष्य असंच सांगतात. सुफयान इब्न उयैना एकटे जुहरींच्या नावाने, हुकलेली ‘कजा करा’ असं सांगतात. अबू दाऊदनी हा एकटेपणा नोंदवला आणि मुस्लिमनी ती चूक ठरवली. पण ‘कजा’ हा शब्द अबू हुरैरांकडून येणाऱ्या दुसऱ्या वाटेनेही मिळतो, आणि कुरआनच्या अरबीत त्याचा अर्थ ‘पुरी करणं’ असाही होतो. पुढे फिकहच्या भाषेत तो ‘राहून गेलेलं नंतर भरून काढणं’ या अर्थाने पक्का झाला. रावीने बदलताना जे शब्द समानार्थी होते, ते नंतरच्या वाचकाला तसे वाटेनात.

या एका शब्दाचा धागा आपल्या मशिदीपर्यंत येतो. कोकणी मुसलमान शाफिई, मराठवाडा-विदर्भातले बहुतेक हनफी. दोघेही नमाजला उशिरा पोचले, तर इमामाने सलाम फेरल्यावर उरलेल्या रकाती उभं राहून पढतात. हनफीच्या हिशेबी पठणापुरती त्याची हुकलेली सुरुवात आता भरून निघते, म्हणून तो सुरुवातीची सना म्हणून, फातिहा आणि सूरा पढतो. शाफिईच्या हिशेबी इमामाबरोबर मिळालं तीच त्याची सुरुवात होती, आता तो शेवट पूर्ण करतो. दोन्ही मतांना इतरही आधार आहेत, पण ‘पूर्ण करा’ की ‘कजा करा’ हा प्रश्न त्या चर्चेच्या मध्यभागी आहे.

अर्थाने सांगण्याच्या बाजूने इब्न हजर यांनी दिलेलं सर्वांत जोरदार कारण आपल्यालाच लागू पडतं. ज्यांना अरबी येत नाही त्यांना त्यांच्या भाषेत धर्म समजावून सांगणं सर्वांना मान्य आहे. मग अरबीतल्याच एका शब्दाच्या जागी दुसरा अरबी शब्द आला तर तो अधिक ग्राह्य असला पाहिजे. याचा अर्थ, मराठीत आलेली प्रत्येक हदीस ही मुळातच आशयाने सांगितलेली हदीस आहे, अपवाद एकाही वाक्याचा नाही. तेव्हा मोबाइलवर अवतरणचिन्हांत आलेली मराठी हदीस पुढे पाठवण्याआधी ती कोणत्या संग्रहात आहे ते पाहा, जमल्यास दुसऱ्या अनुवादाशी ताडून घ्या, आणि ‘कोणी’, ‘कोणाला’, ‘केव्हा’ सांगणारा एखादा शब्द गळलेला नाही ना, हे तपासा. अवतरणचिन्हं काढून ‘आशय’ असं लिहा. आणि तोंडी सांगत असाल, तर मौलाना म्हणतात ते तीन शब्द तुम्हीही म्हणा.